विमलाची उचल

विमला नानकटाई करते. दिंडोशीला आमच्याच बिल्डिंगीत, माझ्या दोन मजले खाली तिचं घर. सकाळी तिचा ओव्हन तापला की तुपाचा वास जिन्यातून वर येतो आणि माझी बायको माझ्याकडे अशी बघते, जणू मी आयुष्यात काहीच भाजलं नाही. मी पोटासाठी लोकांचे हिशेब लिहितो. किराणावाले, शिंपी, दोन डॉक्टर, एक बँडवाला. त्यामुळे माणसं घरात कशी राहतात हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत असतं, आणि त्याचा मला फार कंटाळा आलेला आहे.

तरी विमला आली तेव्हा मी पेन खाली ठेवलं, कारण तिचा चेहरा उतरला होता.

"काका, मी तोट्यात आहे का, तेवढंच सांगा," ती म्हणाली. "हे म्हणतात धंदा बंद कर. यांच्या ओळखीच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर जागा आहे. पहिल्या तारखेपासून ये म्हणतायत. तोटा असेल तर मी जाते. पण असेल तरच."

हे म्हणजे तिचा नवरा दशरथ. वांद्र्याला एका कुरियरच्या ऑफिसात आहे. माणूस वाईट नाही, फक्त आपल्याला हिशेब कळतो असं त्याला वाटतं. असे लोक वाईट माणसांपेक्षा जास्त त्रास देतात.

तिने मोबाइलवर सगळं दाखवलं. मैदा, तूप, साखर, खोके, माल पोचवणाऱ्याचे पैसे हे सगळं वजा जाऊन महिन्याला सात हजारांच्या आसपास उरत होते. नंतर त्यातून लाइटचं बिल साडेपाच हजार. नंतर फोन आणि वायफाय मिळून सोळाशे. झाला शंभर रुपये तोटा.

"लाइटचं सगळं बिल धंद्यात?" मी विचारलं.

"ओव्हन आला त्या महिन्यापासून बिल दामदुप्पट झालं ना. हे म्हणाले, ज्याने वाढवलं त्याने भरायचं. मग धंद्याच्या खात्यातूनच जातं."

"आणि सासऱ्यांच्या फोनचा रिचार्ज?"

"तोही जातो. ते ऑर्डरी घेतात ना कधीकधी."

मी तिला सरळ सांगितलं. धंद्यासाठी जेवढी वीज जळली तेवढाच धंद्याचा खर्च. बाकीचं बिल धंद्याच्या खात्यातून भरलं तरी तो खर्च नाही. मालकाने घरासाठी धंद्यातून पैसे घेतले, म्हणजे ती मालकाची उचल. उचल नफ्यातून वजा होत नाही, ती तिच्या भांडवलातून जाते. बिलाची वाटणी कशीही करू नये, त्या वाटणीला काही आधार असावा, कोणी विचारलं तर सांगता यावा, आणि दर महिन्याला तीच पद्धत ठेवावी. इन्कम टॅक्स तिला लागतच नव्हता, एवढी तिची कमाई नाही. पण इथे प्रश्न टॅक्सचा नव्हताच, धंदा जगणार की मरणार याचा होता.

सोपा रस्ता म्हणजे धंद्याआधीचं बिल आणि आताचं बिल यांच्यातला फरक धंद्यावर टाकायचा. मी तोच धरणार होतो. मग कळलं, ओव्हन आला त्याच महिन्यात दशरथने बोनसमधून बेडरूमला एसी बसवला होता. संपला सोपा रस्ता. मी म्हटलं, आठवडाभर बघ, कुठली वस्तू कोणासाठी चालते आणि साधारण किती वेळ. पुढच्या रविवारी मी घरी येतो.

माझी चूक एवढीच झाली, की हे मी विमलाला सांगितलं. तिला काम सांगितलं की ती ते जरा जास्तच करते.

रविवारी गेलो तर घरात सगळ्या बटणांवर टिकल्या. लाल टिकली धंद्याची, हिरवी घरची. स्वयंपाकघरातल्या ट्यूबला दोन्ही. हॉलमध्ये तिचे सासरे भाऊराव, पूर्वी गिरणीत होते, आता सोफ्यावर असतात, ते घामाने निथळत बसले होते आणि पंखा बंद.

"नंदकिशोर, माका सांग," ते म्हणाले, "हो पंखो धंद्याचो काय घरचो? हिना लाल टिकली लावल्यान. मी लावलंय तर चोरी होतली काय?"

"खोके मी त्याच पंख्याखाली भरते," विमला आतून म्हणाली. "पण संध्याकाळी. आता लावा, बाबा. आता तो हिरवा आहे."

भाऊरावांनी पंखा लावला आणि असे बसले, की जणू कोर्टातून स्टे मिळाला. मग हळूच मुद्द्यावर आले. वीज कंपनीचे दर स्लॅबचे असतात, पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढचे महाग, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं, या घरात ते सगळ्यांत आधीपासून राहतात, तेव्हा स्वस्त युनिट त्यांचे. महागातले धंद्याचे, कारण धंदा मागाहून आला. मी त्यांना समजावलं की मीटरला वय कळत नाही. एकूण बिल घ्यायचं, स्थिर आकार धरून, आणि ते युनिटांच्या प्रमाणात वाटायचं. त्यांना पटलं नाही. रांगेत पुढे उभं असून मागच्याला आधी तिकीट मिळावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग दशरथ मला बेडरूममध्ये घेऊन गेला. एसी चालू होता. पलंगावर, ड्रेसिंग टेबलावर, कपाटावर नानकटाईचे खोके रचलेले. उशीवरसुद्धा एक.

"काका, हे बघा," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "उकाड्यात माल मऊ पडतो. म्हणून इथे ठेवलाय. म्हणजे एसी धंद्याचा ना? लाल टिकली लावलीय मी."

"हा माल इथे कधीपासून आहे?"

"बुधवारपासून."

"आणि एसी?"

तो उशीवरचा खोका सरळ करू लागला. विमला दारात येऊन उभी होती. "काका, मी माल स्वयंपाकघरातच ठेवते, घट्ट डब्यात. बुधवारपासून आम्ही खोक्यांच्या मधे झोपतोय. कूस बदलायची सोय नाही."

"हे गोदाम आहे असं म्हणतोस," मी दशरथला म्हणालो, "मग गोदामात तू का झोपतोस? राखणीला?"

"तसं लिहिता येईल का?" त्याने विचारलं. मला राग येणार होता, पण तो खरंच विचारत होता.

मी सांगितलं, माल नेऊन ठेवल्याने खर्च धंद्याचा होत नाही. धंद्याला गरज असेल आणि त्यासाठीच वस्तू चालत असेल तरच होतो. एसी माणसांसाठी आणला, माणसांसाठी चालतो. हिरवी टिकली. त्याने स्वतःच्या हाताने ती बदलली, आणि मला त्याची थोडी कीवही आली.

फोनवर तर आणखी गोंधळ. विमलाची बहीण लता बोरिवलीला. ती तिची सगळ्यांत मोठी गिऱ्हाईक. फोन करते, दोन किलो नानकटाई सांगते आणि मग सासूबद्दल रडते, बराच वेळ. विमलाने हे फोन बाजूला काढून ठेवले होते, कारण तिला कळेना की रडणं कोणत्या खात्यात घालायचं. दशरथ म्हणाला, गिऱ्हाईक सांभाळणं हे धंद्याचंच काम. भाऊराव म्हणाले, रडणं घरचं. मी म्हणालो, रिचार्ज महिन्याचा ठरलेला आहे, एकेका फोनचं बिल येत नाही, तेव्हा तिच्या फोनचा निम्मा रिचार्ज धंद्यात आणि निम्मा घरी. वायफायचा पाचवा हिस्सा धंद्यात, कारण ऑर्डरी त्यावर येतात आणि बाकी वेळ त्यावर क्रिकेट चालतं. दशरथचा आणि भाऊरावांचा फोन पूर्ण घरचा.

"मी ऑर्डरी घेतंय," भाऊराव म्हणाले.

"शेवटची कधी घेतलीत?"

"गणपतीत. पण ती माझीच होती."

मग मी जेवणाच्या टेबलावर बसून हिशेब केला. वस्तूवर लिहिलेले वॅट गुणिले रोजचे तास. ओव्हन तापला की मधे मधे बंद होतो, एसीचंही तसंच, ते धरून. ओव्हन, मिक्सर, स्वयंपाकघरातला दिवा आणि पंख्याचा वाटा मिळून शंभर युनिट. घराचे एकूण पाचशे. धंद्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे अकराशे रुपये. फोन, वायफायचे तीनशे. सात हजारांतून हे गेले की नफा उरतो पाच हजार सहाशे.

"नफा?" दशरथने विचारलं.

"नफा. तोटा कधीच नव्हता. तुमचा एसी आणि तुमचं क्रिकेट तिची नानकटाई भरत होती."

त्याने माझा कागद ओढून बेरीज पुन्हा केली. मग म्हणाला, "क्लिनिकवाल्यांना मी नाही म्हणून सांगतो." विमलाने डोळे पुसले. मला वाटलं, झालं काम. निघायला उठलो तर ती म्हणाली, "काका, यात माझा पगार कुठे लिहिलाय?"

"मालकाला स्वतःच्या धंद्यात पगार नसतो. मालक घेतो ती उचल."

"मग माझी उचल वाचून दाखवा."

मी वाचलं. खातं तिच्या नावाचं होतं, वर विमलाचं नाव. एसी. टीव्ही. फ्रिज. हॉलचा पंखा. दशरथचा फोन. भाऊरावांचा फोन. वायफायचे चार हिस्से. तिच्या फोनचा निम्मा रिचार्ज.

"हे सगळं मी उचललं?"

"हिशेबात तसंच येतं. धंदा तुझा, तेव्हा घराने घेतलं तरी तू घेतलं."

"यातलं माझं कुठलं?"

मी पुन्हा वरून खाली पाहिलं. तिशीपर्यंत नोकरीत आणि पुढची तीस वर्षं स्वतःच्या टेबलावर हिशेब लिहिण्यात घालवलेला माणूस मी, आणि मला एक ओळ सापडेना. "फोनचे पावणेदोनशे," मी म्हणालो.

"ते लताचं रडणं आहे," विमला म्हणाली. "ती रडते, मी ऐकते."

पंखा फिरत होता. भाऊरावांनी उठून तो बंद केला, का ते त्यांनाही कळलं नसावं, आणि परत लावला. मला वाईट वाटलं. हिशेब अगदी बरोबर होता म्हणून जास्तच वाटलं.

"काका, पुढच्या महिन्यापासून घरचं लाइटबिल, फोन, सगळं यांच्या पगारातून," ती म्हणाली. दशरथने मान हलवली. "धंदा आपला हिस्सा यांना देईल. आणि माझी उचल दोन हजार. ती वेगळी लिहा."

"दोन हजार कशासाठी?" दशरथने विचारलं. भांडायला नाही, खरंच कुतूहलाने.

विमला माझ्याकडे वळली. "उचल कशासाठी ते लिहावं लागतं का, काका?"

"नाही," मी म्हणालो. "फक्त तारीख आणि रक्कम."

"मग तेवढंच लिहा," ती म्हणाली, आणि ओव्हन बघायला आत गेली.