धावत्या रिक्षातून

“हिला काय विचारायलात, ताई? इंग्लिश मीडियमची हाय, अक्षरं जुळवत बसंल,” बोर्डवाला मावशीला हळूच म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

औशात हमरस्त्यावर मावशी ब्लाऊज शिलाईचं दुकान टाकणार होती. बोर्डवाल्याने दोन नमुने पूर्ण मापात छापून आणून दुकानावर टांगले होते. एकावर काळ्यावर पिवळी, जाड, साधी अक्षरं होती. दुसऱ्यावर सोनेरी, वळणदार अक्षरं, त्यांना लाल सावली आणि शेजारी नटलेली नवरी. रस्त्यापलीकडे उभं राहून मावशीने दोन्ही वाचले. नवरी तिला फार आवडली. मग चालत्या गाडीतून कसे दिसतात ते बघायला तिने मला रिक्षात बसवलं.

पिवळा एका नजरेत वाचता आला. सोनेरी बोर्डावर सावलीमुळे काने आणि वेलांट्या एकमेकांत मिसळल्या होत्या. ‘शिलाई’ जुळेपर्यंत दुकान मागे पडलं. मला वाटलं, माझंच मराठी कच्चं.

“दोन्ही वाचलेस का गं?” मावशीने विचारलं. मी मान डोलावली.

सोनेरी बोर्ड लागला. तेव्हापासून बायकांचे फोन येतात, “दुकान कुठं हाय? आम्ही लई पुढं गेलो की.” काही परत येतात, काही येतच नाहीत.

काल मावशी म्हणाली, “जागाच वाईट हाय बघ. सोडून द्यावी म्हणते.”

“जागा चांगली आहे, मावशी,” मी म्हणाले. “त्या दिवशी रिक्षातून मला हा बोर्ड वाचताच आला नव्हता.”