रिझ, कॅप आणि मराठीच्या बाई

"अर्थ नको. वाक्यात उपयोग करून दाखव," असं म्हणून त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि उत्तर येईपर्यंत तिथेच ठेवायच्या.

जळगावच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवत आणि मी गणित. मूळच्या शिंदखेड्याच्या. वर्गात प्रमाण भाषेला धक्का लागू देत नसत. पण मधल्या सुट्टीत मुली जे बोलत, ते त्या खिडकीशी बसून मन लावून ऐकत. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, ज्यांना कुठलाच शब्द परका वाटत नाही.

एकदा त्यांनी दहावीतल्या एका मुलीला थांबवलं.

"कॅप म्हणजे गं?"

"खोटं, बाई."

"वाक्यात?"

"तो म्हणतो रोज पहाटे चारला उठतो. कॅप आहे."

"आणि नो कॅप?"

"खरंच. शपथेवर सांगतो तसं."

"कॅपिंग पण म्हणता ना? म्हणजे नामही आहे आणि क्रियापदही," बाई म्हणाल्या. मुलीला सुटल्यासारखं झालं. बाईंना मात्र दिवसभर पुरेल एवढं समाधान मिळालं होतं.

'मिड'वर त्यांनी माझा डबा खाताना विचार केला. "सर, मिड म्हणजे मध्यम, असं वाटतं. पण मध्यम म्हणताना आपण कोणाला कमी लेखत नाही. ही मुलं लेखतात. नावाजण्यासारखं काही नाही, असा त्यात शेरा आहे." मग शांतपणे म्हणाल्या, "तुमची आजची खिचडी मिड आहे." मी हे बायकोला सांगितलं नाही.

मुलांसमोर मात्र हे शब्द त्यांनी कधीच वापरले नाहीत. "आपण बोललो की त्यांना तो शब्द टाकून द्यावा लागतो. कशाला उगाच खर्चात घालायचं?"

त्या वर्षी दिवाळीनंतर मुख्याध्यापकांकडे एका पालकाने मोबाईलमधला एक फोटो आणून दिला. वर्गाच्या ग्रुपवर एका मुलीने लिहिलं होतं: 'कॅप. ह्याच्यात झीरो रिझ. आणि दिसायलाही मिड.' मुलगी तीच, जिने बाईंना कॅप शिकवला होता.

मुख्याध्यापकांनी स्वतःच्या बुद्धीने अर्थ लावला. कॅप म्हणजे कॅप्सूल, नशेची. रिझ म्हणजे रिसॉर्ट. मिड म्हणजे मधेच कुठेतरी भेटायचं. त्यांनी एरंडोलजवळच्या गावाहून मुलीच्या वडिलांना बोलावून घेतलं.

वडील कापूस वेचणी सोडून आले होते. सगळं ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून घरीच ठेवतो." मुलगी भिंतीकडे बघत उभी होती. बोर्डाच्या परीक्षेला तीन महिने होते.

मी तिथे वर्गशिक्षक म्हणून हजर होतो. मी उठून बाईंना बोलावून आणलं, एवढंच माझं कर्तृत्व.

बाईंनी फोटो पाहिला. "ह्याच्या वर काय लिहिलं होतं?"

ते कोणी पाहिलंच नव्हतं. मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा मोबाईल मागवला. वर एका मुलाने ह्या मुलीचं नाव घेऊन लिहिलं होतं, की ही आपली आहे, सगळं ठरलंय, मी पटवली.

"आता ऐका," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "रिझ हा करिश्मा ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तुकडा आहे. समोरच्याला बोलण्यातून भुरळ पाडायची हातोटी. झीरो रिझ म्हणजे ती हातोटी ह्याच्याकडे अजिबात नाही. मिड म्हणजे सुमार. आणि पहिला शब्द, कॅप, म्हणजे हा खोटं बोलतोय."

"एवढ्या तीन शब्दांत?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"हो. नकार पूर्ण आहे. मी पाच मार्कांपैकी पाच दिले असते."

मग त्या वडिलांकडे वळल्या आणि त्यांच्या आवाजातली शाळा गेली, अहिराणी आली. "भाऊ, तुमनी पोरनी काही वाईट लिखेल नही. तो पोऱ्या खोटं बोलस, आसं ती सांगस. बठ्ठा वर्गना समोर सांगस."

वडिलांनी मोबाईल हातात घेऊन पाहिला. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग मुलीला म्हणाले, "मंग माले का बरं नही सांगं?"

"तुम्ही विचारलंच नाही, आबा."

ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली. मुलाला ग्रुपवर माफी लिहायला लावली. ती बाईंनी शुद्धलेखन तपासूनच पाठवू दिली. मुख्याध्यापकांना हे सगळं इतकं आवडलं की पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर ते म्हणाले, "अभ्यास करा, नो कॅप." आठवडाभरात शाळेतून तो शब्द नाहीसा झाला.

मुलगी आता धुळ्याला कॉलेजात आहे. बाई निवृत्त होऊन गावी गेल्या आणि दीड वर्षात वारल्या. तेराव्याला त्या मुलीचे वडील आले होते. पंगतीत शेवटपर्यंत वाढत राहिले.

परवा जिन्यात माझ्यामागून दोन मुली काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. शब्द अगदी नवा होता. मी वळून विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही, सर." मी तो हातावर लिहून शिक्षकांच्या खोलीपर्यंत आलो. तिथे सगळे उत्तरपत्रिका तपासत होते. खिडकीशी कोणी नव्हतं.