साडेपाच आणि सव्वासहा

आमच्या कॉलेजच्या तळघरात भौतिकशास्त्राचं जुनं सामान असे, आणि आमचे प्रयोगशाळा सहायक एकोणीस वर्षं तिथेच बसत. एकुलती खिडकी त्यांनी डासांपायी खिळा ठोकून बंद केली होती.

मी एम.एस्सी.ला शिकवायचे. नव्या यंत्राच्या पेटीत हवा ओढली की तिच्यातल्या किरणोत्सारी अणूंमधून सुटणाऱ्या अल्फा कणांची ऊर्जा पडद्यावर शिखरांसारखी उमटे. वरच्या मजल्यावरच्या वर्गात शिखर दिसायला अख्खा दिवस जाई. तळघरात तासाभरात दिसलं. मी खूश झाले. "अहो, पेटी तुमच्या टेबलावरच राहू द्या," असं मीच त्यांना सांगितलं. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

पुढचं प्रात्यक्षिक मी तिथेच घेतलं. टेबलावरच्या हवेत साडेपाच एमईव्ही ऊर्जेचं शिखर होतं, म्हणजे रेडॉन, जमिनीतून झिरपून बंद खोलीत साचणारा आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कर्करोग देऊ शकणारा वायू. फरशीच्या भेगेशी नळी धरली तर सव्वासहाच्या जरा वर आणखी एक दिसलं, थोरॉनचं. दोन्ही एकाच मूलद्रव्याची रूपं. रेडॉन निम्मा व्हायला जवळपास चार दिवस लागतात, थोरॉनला मिनिटही लागत नाही. एवढ्याशा ऊर्जेने इतका फरक कसा, हे मुलांनी विचारलं आणि मला चेव चढला.

कण अणुकेंद्रात कोंडलेला असतो, मी म्हणाले. बाहेर विद्युत प्रतिकर्षणाची भिंत, आणि ती ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नसते. तरी तो एका सेकंदात अब्जावधी अब्ज वेळा धडकतो, आणि दर धडकेला आरपार जाण्याची नगण्य शक्यता असते. भिंत वर निमुळती आहे. ऊर्जा थोडी वाढली की पार करायची जाडी घटते आणि माथाही तेवढा वर राहत नाही. जाडीचा प्रत्येक थर शक्यतेला पुन्हा भागत जातो, म्हणून दोन-चार थर कमी झाले तरी शक्यता हजारो पटींनी वाढते.

सहायक कोपऱ्यात फाइल लावत होते. हात थांबवून त्यांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, मिनिटवाला भेगेतून वर येईपर्यंतच संपतो?"

"बहुतेक संपतो."

"आणि चार दिवसवाला माझ्या टेबलापर्यंत येतो."

शिखर तासाभरात उमटण्याचा अर्थ एकोणीस वर्षं त्याच बंद हवेत श्वास घेत माझ्यासमोर होता, आणि मला तो दिसला नव्हता.

"बरं झालं सांगितलंत," ते कोरडेपणाने म्हणाले. "एकोणीस वर्षं मी उगाच डासांना घाबरत होतो."

त्यांनी स्टूलवर चढून खिडकीचा खिळा काढला. आठवड्याने मी पुन्हा मोजलं, तर शिखर जेमतेम दिसत होतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की आता आलेख नीट येणार नाही.