किटलीशेजारच्या चार शब्दांची पाटी

परशराम असं काही करील असं कुणी मला आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं. काकतीच्या मोटाररस्त्यावर त्याचं चहाचं दुकान आणि त्याला लागून माझं शिवणाचं. पंधरा वर्षं शेजारी बसून या माणसाला मी कुणाला 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. कुणी मोठ्यानं खोकलं तरी हा आपलं काय चुकलं ते बघायचा.

निपाणीकडच्या मोटारी थांबायला लागल्या तेव्हा दुकानाला पाटी हवी असं त्याच्या मनानं घेतलं. बेळगावहून भरमू पेंटर आला. लाकडी चौकटीवर ठोकलेल्या पत्र्याला त्यानं पांढरा हात दिला आणि डावीकडे वाफाळती किटली काढली. तीच दुकानाची खूण, कारण गाडीवानांना वाचता कुठं येत होतं? किटलीच्या उजवीकडे एक ओळ लिहायची होती. परशरामानं ती आठ दिवस घोकून तयार केली होती: 'येथे शुद्ध दुधाचा, ताजा, उत्तम व स्वादिष्ट चहा सदैव मिळेल.'

भरमूनं खडूनं ओळ आखून बघितली. निम्म्यातच जागा संपली. अक्षरं बारीक करून बसवली, तर रस्त्यापलीकडून मुंग्यांची रांग दिसली. शिवाय मात्रा-वेलांट्यांना वरखाली जागा सोडावी लागते, ती वेगळीच. मग 'शुद्ध दुधाचा ताजा चहा' एवढंच ठेवावं असं ठरलं. पण तेच चार शब्द बेळगावच्या प्रत्येक दुकानावर आहेत, म्हणून भरमूनं नाक मुरडलं. मोटार थांबते तेवढ्यात वाचून झालं पाहिजे आणि वाचता न येणाऱ्याला दुसऱ्यानं सांगितलं तर त्याच्या लक्षात राहिलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

चुलीपुढून जयाबाई, म्हणजे परशरामाची बायको, म्हणाली, "अवो, दारात मानूस आला की तुमी काय म्हनता? तेच लिवा की."

झालं. 'या, बसा, चहा घ्या.' किटलीशेजारी वीतभर उंचीची अक्षरं ऐसपैस बसली. आम्ही सगळे रस्त्यापलीकडे जाऊन वाचून आलो आणि खूश झालो. एवढ्याशा ओळीत 'पण' लिहायला जागा उरलेली नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

महारवाड्यातल्या लोकांसाठी कान तुटलेले कप दुकानाबाहेरच्या कोनाड्यात असत. त्यांनी ते घ्यायचे, वरून ओतलेला चहा रस्त्याकडेला बसून प्यायचा आणि कप धुऊन ठेवायचा. सगळीकडेच तसं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं, खरं सांगतो, आम्हाला वाटत नव्हतं.

पाटी लागली त्याच आठवड्यातल्या बाजाराच्या दिवशी मष्णू आला. तो महारवाड्यातला, बेळगावच्या छावणीत कामाला होता आणि तिथंच वाचायला शिकला होता. पाटीखाली उभा राहून त्यानं ओळ मोठ्यानं वाचली. मग आत आला आणि बाकावर बसला.

माझ्या हातातली कात्री कापडातच अडकून राहिली.

"अण्णा, पाटीवर लिवलंय म्हनून आलो," मष्णू म्हणाला.

मारुतीराव उठले. गावातले वजनदार गृहस्थ, त्यांच्या शब्दावर अर्धं गिऱ्हाईक चालायचं. त्यांनी परशरामाला बजावलं की याला बाहेर काढ आणि 'फक्त स्पृश्यांसाठी' एवढं उद्याच्या उद्या पाटीवर लिहून घे. नाहीतर तुझ्या चहाला इथलं कुणी शिवणार नाही.

परशराम आता हात जोडणार, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. तो दारापर्यंत गेला, मान वर करून आपलीच पाटी वाचली आणि परत आला. फळीवरचा चांगला कप घेतला, भरला आणि मष्णूपुढं ठेवला. निम्मा चहा बशीत सांडला होता.

बाकीची सगळी गिऱ्हाईकं उठून गेली. मी मान खाली घालून पुन्हा कापड कापायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाटीवरच्या ओळीवर डांबर फासलेलं. जयाबाई पायरीवर बसून रडत होती. परशरामानं भरमूला बोलावणं धाडलं, तेव्हा मला हायसं वाटलं. आता हा शहाणा होईल आणि मारुतीराव म्हणतील ते लिहून घेईल, दुकान तरी वाचेल.

भरमूनं डांबर खरवडलं, पत्र्याला पुन्हा पांढरा हात दिला आणि खडू हातात घेऊन विचारलं, "काय लिवायचं, अण्णा?"

"तेच," परशराम म्हणाला. "अक्षरं आनखी मोठी काढ. किटली बारीक झाली तर होऊ दे."