एका गाडीचे तीन नंबर

आमच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत व्हिडिओ तपासणाऱ्या बाईंना पोलीस लोक पाठीमागे 'धूसरबाई' म्हणतात. समोर अर्थातच 'मॅडम', कारण काम अडलेलं असतं. बाई वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसून आल्यागेल्याला एकच गोष्ट सांगत आल्या आहेत, की बाबांनो, यात दिसत नाही. एवढं सांगायचा पगार मिळतो, याचं त्यांच्या नणंदेला आजही नवल वाटतं. "मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही, मला लावा की नोकरीला," असं ती जेवताना ऐकवते. बाई हसतात आणि आणखी एक पोळी वाढून घेतात.

मी आवक खिडकीवर बसतो. सीलबंद पाकीट घ्यायचं, पोच द्यायची, पाकीट आत न्यायचं, एवढंच माझं काम. बाईंनी त्यात एक शेपूट जोडलंय. पोलिसांच्या पत्रात संशयित गाडीचा नंबर लिहिलेला असला, तर त्यावर कागद चिकटवायचा आणि मगच पत्र त्यांच्या टेबलावर ठेवायचं. सुरुवातीला मला वाटलं, बाईंचं सोवळं असेल.

तर एक दिवस एक इन्स्पेक्टर आला. मोठा हुशार माणूस, निदान चालण्यावरून तरी. एका पोस्टमनला संध्याकाळी पांढऱ्या व्हॅनने उडवलं होतं. बिचारा सायकलसकट नाल्यात पडला आणि जागीच गेला. रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात व्हॅन आली होती. दुकानाच्या टीव्हीवर चाललेलं रेकॉर्डिंग कुणीतरी मोबाइलने टिपलं, ते चार ग्रुपवर फिरलं आणि फिरून फिरून दमलेला तो व्हिडिओ साहेबांनी पेनड्राइव्हवर आणला होता. सोबत एक रंगीत फोटो. त्यात नंबर कसा, तर शोरूममधून आत्ताच बाहेर पडल्यासारखा लखलखीत.

"भाच्याने काढला," साहेब म्हणाले. "मोबाइलमधल्या ॲपवर, चहा पिता पिता. आरोपी आत आहे. एक लाँड्रीवाला. तुम्ही फक्त शिक्का मारा."

"भाचा फार गुणी आहे," बाई म्हणाल्या. "पण फोटो राहू दे खिडकीवर. मला दुकानातल्या रेकॉर्डरमधलं मूळ रेकॉर्डिंग हवं. आजच आणा, नाहीतर त्यावर नवं चढेल आणि मग बसू सगळे टाळ कुटत."

साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण आणलं. मूळ रेकॉर्डिंग फॉरवर्डपेक्षा बरं होतं, म्हणजे चिखलापेक्षा गढूळ पाणी बरं असतं तितपत. बाईंनी आधी त्याची कॉपी केली आणि मूळ कुलपात ठेवलं. मग पडद्यावर नंबराची पाटी मोठी केली. अख्ख्या पाटीच्या रुंदीत मिळून जेमतेम वीस ठिपके आले होते. त्यात सगळी अक्षरं आणि आकडे बसवायचे, म्हणजे एकेका आकड्याच्या वाट्याला रुंदीत दोन ठिपके. दोन ठिपक्यांत तीन आणि आठ वेगळे कसे दिसणार? त्यात गाडी पळत होती, उजेड कमी होता, आणि रेकॉर्डरने जागा वाचवायला सगळं दाबून ठेवलेलं.

मी पत्र वाचलेलं होतं. मान लांब करून पाहिलं आणि म्हणालो, "अहो बाई, आहे की! तोच नंबर आहे!"

"तुम्हाला पत्र दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या खोलीतून आवाज तपासणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी पत्र वाचलेलं नव्हतं. ते बराच वेळ पाहून म्हणाले, "टूथब्रश आहे का?"

बाईंनी जे जमण्यासारखं होतं ते सगळं केलं. उजेड वाढवला, थरथर काढली, पाटी दिसते त्या तिन्ही फ्रेम एकावर एक बसवल्या. कधीकधी त्याने खरंच फरक पडतो, कारण प्रत्येक फ्रेममध्ये थोडंसं वेगळं काही उतरलेलं असतं. इथे फक्त धुकं जरा गुळगुळीत झालं. पांढरी व्हॅन, एका ओळीतली पाटी, बस्स.

साहेब निकाल घ्यायला आले तेव्हा बाईंनी भाच्याचंच ॲप उघडून ठेवलं होतं. भाच्याने एकच फ्रेम घातली होती. बाईंनी त्यांच्यासमोर तिन्ही घातल्या. तीन फोटो निघाले, तिन्ही लखलखीत, आणि तिन्हींवर वेगळा नंबर.

"साहेब, गाडीने पळता पळता दोनदा पाटी बदलली का?" बाईंनी विचारलं.

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग पाहण्यासारखा होता. मी तर खिडकी सोडून उभाच होतो.

"ॲपने हजारो पाट्या पाहिल्यात," बाई म्हणाल्या. "पाटी कशी असते ते त्याला ठाऊक आहे. ही पाटी कुठली, ते नाही. म्हणून ते आपल्या मनाने भरतं. कॅमेऱ्यात जे उतरलंच नाही, ते मी कुठून आणू? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

अहवालात त्यांनी लिहिलं: नंबर वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी लाँड्रीवाल्याची बायको आली. हात इस्त्रीने भाजून भाजून काळपट झालेले. बाई बाहेर जायला निघाल्या होत्या, तिने त्यांनाच गाठलं.

"ताई, नंबर दिसत नाही म्हणालात, देव तुमचं भलं करो. आता एवढं लिहा, की ती गाडी आमची नव्हती."

मला वाटलं, लिहून टाकावं की! कुणाचं काय जातंय? बाई म्हणाल्या, "तुमची व्हॅनही पांढरी आहे, पाटी एका ओळीत आहे. शहरात तशा पुष्कळ आहेत. तुमची होती हे दिसत नाही, आणि नव्हती हेही दिसत नाही. मला खोटं लिहिता येणार नाही."

"मग तुम्हाला दिसतं तरी काय?" ती ओरडली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मी ते प्रथमच पाहिलं. आणि तरी त्यांनी अहवालातलं एक अक्षरही बदललं नाही.

त्या नंबराशिवाय पोलिसांकडे दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे कोर्टाने लाँड्रीवाल्याला सोडलं. मोहल्ला मात्र कोर्टापेक्षा शहाणा. भाच्याचा लखलखीत फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता. बाईंचा अहवाल कोण फॉरवर्ड करणार? गिऱ्हाईकं गळाली. मग लाँड्रीवाल्याच्या बायकोने वकिलाकडून अहवालाची कोर्टाची नक्कल मिळवली, त्यातलं ते धुक्याचं चित्र भलं मोठं छापून घेतलं आणि दुकानात काउंटरमागे लावलं.

परवा मी तिथे कपडे टाकायला गेलो. माझ्यापुढे एक माणूस होता, बऱ्याच दिवसांनी परत आलेलं जुनं गिऱ्हाईक. गठ्ठा मोठा होता. त्याने चित्राकडे पाहून विचारलं, "हे काय?"

"पोस्टमनला मारणाऱ्या गाडीची पाटी," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात आली तशी. वाचून दाखवा."

तो पुढे वाकला, मागे सरला, डोळे बारीक केले. आत लाँड्रीवाला चादरींची घडी घालत होता, त्याचे हात थांबले.

"दिसतोय की," तो माणूस म्हणाला. "तुमचाच नंबर आहे."

तिने त्याचा गठ्ठा उचलला, पुन्हा नीट बांधला आणि त्याच्या हातात दिला. "दुसरीकडे धुवून घ्या," ती म्हणाली.