अकरा वेळा दिलेला कोड

सकाळी ऑफिसचं कुलूप काढलं, की चप्पल काढायच्या आधी आक्का कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या डबीकडे बघायच्या. दिवा हिरवा असला तर रुमालानं तिच्यावरची धूळ पुसायच्या. लाल असला तर पुसायच्या नाहीत. डबीला एवढीच शिक्षा त्यांना देता यायची.

खोली लहान. चार टेबलं, चार हेडफोन. एका हॉस्पिटलचे डॉक्टर तपासणीचे रिपोर्ट नुसते बोलून ठेवत. तो आवाज इंटरनेटवरून इथे यायचा आणि आक्का, त्यांची नणंद व आणखी दोघी तो ऐकून टाइप करायच्या. दोन तासांत रिपोर्ट परत गेला पाहिजे, असा करार. शाळेतली टायपिस्टची नोकरी सुटल्यावर आक्कांनी एका टेबलावर हे काम सुरू केलं होतं. बाकीची तीन टेबलं एकेक करून आली.

मग दोन महिन्यांत इंटरनेट अकरा वेळा बंद पडलं. दर वेळी तक्रार नोंदवायची, मग खांद्यावर शिडी घेऊन तारवाला यायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. नाक्यावरच्या पेटीत तार जोडायचा आणि वर येऊन आक्कांच्या मोबाइलवर आलेला कोड मागायचा. कोड दिला की तक्रार बंद. चार तासांत कोड मिळाला नाही तर त्याच्या पगारातून कापून घेत. म्हणून दिवा हिरवा झाला रे झाला, की आक्का कोड सांगून मोकळ्या व्हायच्या. बिचाऱ्याला कशाला ताटकळत ठेवायचं?

अकराव्या वेळी एकोणीस रिपोर्ट अडकले. एका बाईंचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. हॉस्पिटलचं पत्र आलं: चूक तुमची नसेल तर महिनाअखेरपर्यंत तसं लेखी आणा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ.

आक्का नणंदेला घेऊन इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेल्या. कंपनीशी केलेला करार सोबत होता. तोच बिघाड पुन्हा पुन्हा झाला तर भाडं परत, असं आठव्या पानावर छापलेलं होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी भरपाई मागितली, आणि बिघाड कंपनीचा होता असं पत्र.

तिथल्या साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "तोच बिघाड कुठे आहे, मॅडम? ह्या अकरा वेगळ्या तक्रारी. प्रत्येक चार तासांत दुरुस्त. आणि तसं तुम्हीच कळवलंय, अकरा वेळा कोड देऊन."

आपला चांगुलपणा असा ओळीनं मांडलेला आक्कांनी कधी पाहिला नव्हता. साहेबांनी मग मोठ्या मनानं महिनाभर दुप्पट स्पीड देऊ केला.

"बंद पडलेल्या गाडीला मोठा हॉर्न बसवून देताय," नणंद म्हणाली.

घरी जाताना आक्कांना राग कंपनीचा होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

चार दिवसांनी बाराव्यांदा दिवा लाल झाला. तारवाला आला, तार जोडून वर आला आणि कोड मागू लागला. आक्कांनी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला.

"आधी सांगा, ही तार सारखी का जाते?"

त्यानं सांगितलं, नाक्यापासूनची सगळी तारच सडली होती. बदला म्हणून त्यानं चारदा कळवलं होतं. जोड देऊन भागतंय ना, असं वरून उत्तर यायचं.

"मग आता भागणार नाही. कोड मिळायचा नाही."

"ताई, पैसे माझे कापतील."

"कापले तर मी भरीन."

"तुमच्याकडून कशाला घेऊ?" तो शिडी उचलून तडक निघाला. वळताना शिडी भिंतीवर घासली.

मग कंपनीचे फोन सुरू झाले. दिवा हिरवा आहे ना? आहे. मग कोड द्या. तार बदला. दिवसभर हाच पाढा. तक्रार तीन दिवस उघडी राहिली तेव्हा नियमानं आपोआप वरच्या साहेबांकडे गेली. आक्कांनी त्यांना अकरा तक्रारींचे नंबर पाठवले आणि सुरुवातीलाच लिहिलं, की माणूस दर वेळी वेळेवर आला, त्याचे पैसे कापू नयेत.

पाचव्या दिवशी नवी तार पडली. बाराही बिघाड एकाच तारेचे होते, असं पत्र आलं; दोन महिन्यांचं भाडं बिलातून वळतं झालं. बुडालेल्या कामाची भरपाई मात्र करारात बसत नव्हती. आणि हॉस्पिटलनं पत्र वाचलं, तोवर महिना संपून अर्धं काम दुसरीकडे गेलेलं होतं. उरलेलं ठेवलं. चौथ्या टेबलावरचा हेडफोन आक्कांनी गुंडाळून ठेवला, आणि त्या टेबलावरच्या बाईंना तसं सांगताना त्यांना दुःखापेक्षा रागच जास्त आला.

तारवाला वर आला. त्याचे कापलेले पैसे परत मिळाले होते. दिव्याकडे बोट करून कोडसाठी उभा राहिला.

"हिरवा आज आहे," आक्का म्हणाल्या. "उद्या याच वेळेला या, तेव्हाही असला तर कोड देते. आणि शिडी बाहेर ठेवा, मागच्या वेळी भिंतीचा रंग गेलाय."