मग म्या भाकर मोडली

बाळ,

आशीर्वाद नंतर, आधी शिव्या खा. तू सांगलीहून लिहिलंस, "आजी दर जेवणाला तीच गोष्ट सांगते, वीट आला. आता मधेच थांबवून सांगतो, आजी, ते पोर म्हणजे माझे वडील, ते गेल्या वर्षीच वारले. तेव्हापासून गप्प असते, फरक पडला." फरक पडला म्हणे! आणि खाली लगेच, "ताट तसंच सारते, नखरे वाढलेत." अरे शहाण्या, दोन्ही ओळी तुझ्याच हातच्या. जोडून वाचायला काय धाड भरली होती?

तुझ्याकडं येण्याआधी आई, म्हणजे तुझी आजी, इथं फलटणला माझ्याजवळ होती. साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, हे वेड नाही. नवीन काही डोक्यात टिकत नाही, जुनं तेवढं घट्ट आहे. सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी तिच्या लेखी सांगितलेलीच नसते. ताट पुढं आलं, भाकरीचा वास आला, की तीच वर येते. ती मुद्दाम करत नाही रं. आपण जेवलो की नाही हेही तिला आठवत नाही, भुकेचंसुद्धा भान राहिलेलं नाही.

गोष्ट तरी काय? मेढ्याला असताना ओढ्याला पाणी आलं, तुझा बाप पलीकडं अडकला. आई ताट झाकून बसून राहिली. तिन्हीसांजेला तो चिखलानं माखून, हातात खेकडी घेऊन दारात उभा. "आन मग म्या भाकर मोडली," असं म्हणून ती गोष्ट संपवते. आणि ते म्हणता म्हणता तिचा हात खरोखर भाकरीकडं जातो. ती जेवते ती तेवढ्यावर. तुझ्या काकूनं हे पहिल्यांदा ओळखलं. आम्ही रोज नुसतं "मग?" म्हणायचो, आणि म्हातारी पोटभर जेवायची.

तू तिला कुठं थांबवतोस? पोर पलीकडं अडकलेलं असताना. वर ते मेल्याचं सांगतोस! तुला वाटतं, तिला ठाऊक आहे, फक्त आठवण करून दिली. तिला ती बातमी दर जेवणाला नवी कोरी असते. रडते, थोड्या वेळात बातमी विसरते, पण काळजातली कळ तशीच राहते, कशाची ते तिला कळत नाही. मग ती गप्प बसते, आणि तू म्हणतोस फरक पडला. तिच्या एका गोष्टीचा तुला कंटाळा आला. दिवसातून दोनदा तिचं पोर मारतोस, त्याचा नाही आला?

रविवारच्या एस.टी.नं तिला न्यायला येतोय. इथं आल्यावर ती तुला विसरेल, वाईट वाटून घेऊ नकोस, तिचं नवं आधी जातं. तुझा बाप मात्र तिच्यापाशी राहील. तोवर तोंडाला कुलूप घाल. ताट वाढ, समोर बस, आणि त्याला तेवढा ओढा ओलांडू दे. तो घरी पोचल्याशिवाय ती घास उचलणार नाही.

तुझा काका